एम्बेडिंगमधलं काय टाकावं?

एका उताऱ्याचं एम्बेडिंग म्हणजे, समजा, १०२४ आकडे; प्रत्येकी ४ बाइट. असे दहा लाख उतारे घेतले तर सुमारे ४ जीबी लागतात. प्रत्येक आकडा एका बाइटात बसवला तर १ जीबी. आणि नुसतं चिन्ह ठेवलं, धनाला १, ऋणाला ०, तर १२८ एमबी!

पण मग ०.००१ आणि ०.१ दोन्ही सारखेच झाले. बाजू कळते, जोर कळत नाही. त्यामुळे क्रम बिघडतो. म्हणून दहा उत्तरं हवी असतील तर बिटांवरून शंभर निवडायची, मग डिस्कवरच्या एक-बाइटी प्रतींशी प्रश्न ताडून क्रम पुन्हा लावायचा.

शेवटचे आकडे छाटायचे असतील, तर मॉडेल मात्र्योश्का पद्धतीनं शिकवलेलं हवं. तिथं महत्त्वाचं पुढे येतं. इतरत्र छाटणी म्हणजे अंदाजपंचे. आपल्याच पन्नास प्रश्नांवर मूळ शोधाची दहा उत्तरं ताडून पाहा, किती निसटली ते दिसेल.