सोफा खरा, विकणारा संशयित

फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. ग्राहक म्हणून आलेल्या माणसाने आधी विश्वास बसावा म्हणून किरकोळ रक्कम पाठवली, मग क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगितला. तिच्या खात्यातून दोन टप्प्यांत 34 हजार रुपये गेले. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे तेव्हापासून पुष्कळांना कळले आहे. याच बाजारात उलट्या दिशेची फसवणूकही चालते. ‘माझे मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत, बदली झाली आहे, घरातले फर्निचर स्वस्तात द्यायचे आहे’ असा निरोप एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हॅक झालेल्या खात्यावरून येतो. सोबत सोफा, पलंग, फ्रिज यांचे फोटो असतात. पोहोचवण्याच्या खर्चासाठी आगाऊ रक्कम मागितली जाते, आणि ती भरली की निरोप थांबतात.

जाहिरातींची संकेतस्थळे या दुसऱ्या प्रकाराला फार घाबरतात. तिथे रोज एवढ्या जाहिराती येतात की पहिली चाळणी माणूस लावत नाही, संगणक लावतो. तो तुमचा स्वभाव पाहत नाही, तुमच्या वागण्याचा नमुना पाहतो. खरी अडचण इथेच आहे. बदली झालेल्या, आठवड्याभरात घर रिकामे करायचे असलेल्या प्रामाणिक कुटुंबाचे वागणे बाहेरून पाहिले, तर बदलीची बतावणी करणाऱ्या भामट्यासारखेच दिसते. दोघेही घाईत असतात, दोघेही एकदम पुष्कळ सामान काढतात, दोघेही भाव पाडतात आणि दोघेही बदलीचेच कारण देतात.

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाचे प्रकरण मी जवळून पाहिले. नवऱ्याची हैदराबादला बदली झाली. घरात सागवानी पलंग, लोखंडी कपाट, सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल, सोफा आणि मुलाचे अभ्यासाचे टेबल. बाईंनी एका संध्याकाळी या पाचही वस्तूंच्या जाहिराती टाकल्या. खाते जुने होते, पण कित्येक महिने वापरात नव्हते, आणि फोन नवा होता. पाचही जाहिरातींत ‘बदलीमुळे तातडीने विक्री’ हा मजकूर जसाच्या तसा होता आणि त्यातच मोबाइल क्रमांकही लिहिलेला होता. पलंग आधीच सोडवून भिंतीला लावून ठेवल्यामुळे त्याचा फोटो त्यांनी तशाच पलंगाच्या कंपनीच्या पानावरून उचलला. रात्री विचारणा सुरू झाल्या, तेव्हा सगळ्यांना एकच उत्तर पाठवले: ‘दोन हजार टोकन द्या, वस्तू तुमच्यासाठी ठेवते.’ सकाळी खाते बंद. ‘संशयास्पद हालचाल आढळली’ एवढेच वाक्य पडद्यावर.

यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर क्षुल्लक आहे. मात्र सुप्त खाते नव्या फोनवरून अचानक जागे होणे, हे खाते चोरीला गेल्याचे लक्षण मानतात. कंपनीचा फोटो इंटरनेटवर आधीच शंभर ठिकाणी असतो, आणि तशा फोटोंची जुळणी यंत्राला सहज जमते. मजकुरात क्रमांक घालणे म्हणजे ग्राहकाला संकेतस्थळाच्या नजरेबाहेर नेणे. वस्तू न दाखवता टोकन मागणे तर सगळ्यात वाईट, कारण फसवणुकीचा सांगाडा नेमका तोच आहे. संकेतस्थळे आपले निकष उघड करत नाहीत, त्यामुळे कोणत्या कारणाला किती वजन मिळाले हे बाहेरच्याला सांगता येत नाही. तरी ही सगळी एकत्र आली की खाते टिकणे कठीण.

खाते बंद झाल्यावरचे पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात, आणि नेमक्या त्याच तासांत माणसे सगळे बिघडवून ठेवतात. बाईंच्या मुलाने लगेच वडिलांच्या क्रमांकावरून दुसरे खाते उघडायची तयारी केली होती. ते थांबवले, हे बरे झाले. फोन तोच, फोटो तेच, शहर तेच. दुसरे खाते पहिल्याशी जोडले गेले असते आणि बंदी चुकवण्याचा प्रयत्न म्हणून दोन्ही गेली असती. दुसरा धोका याहून मोठा. घाबरलेला माणूस ग्राहकसेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधतो, आणि तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात. पलीकडचा माणूस खाते उघडण्याचे शुल्क मागतो, ओटीपी विचारतो किंवा पडदा दिसेल असे एखादे ॲप फोनमध्ये टाकायला लावतो. तक्रार फक्त ॲपमधल्या मदत विभागातून किंवा संकेतस्थळावरच दिलेल्या पत्त्यावर करावी.

त्या रात्री एका गृहस्थाने टोकनचे दोन हजार पाठवलेही होते. खाते बंद झाल्याबरोबर त्याच्या दृष्टीने विकणारी बाई गायब झाली. त्याने 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला असता, तर बँकेने ती रक्कम गोठवली असती, आणि संशय कागदावर आला असता. बाईंनी त्याला फोन केला, काय घडले ते सांगितले आणि ज्या यूपीआय आयडीवरून पैसे आले होते त्यावरच ते परत केले. परताव्याच्या व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक जपून ठेवला. पुढे तक्रारीत हाच सगळ्यात वजनदार कागद ठरला, असे माझे मत आहे, कारण टोकन परत करणारा भामटा कुणी पाहिलेला नाही.

पहिला ईमेल बाईंनी रागात लिहिला होता. आम्ही चांगल्या घरचे लोक आहोत, एवढी वर्षे एकाच सोसायटीत राहतो, आम्ही कुणाला फसवले का, असा दीड पानाचा मजकूर. उत्तर आले ते ठरावीक साच्याचे. हा राग मला पूर्ण समजतो. न केलेल्या गुन्ह्याचा शिक्का कुणालाही झोंबतो. पण चांगुलपणाचा दावा भामटाही करतो, तितक्याच गोड भाषेत. त्याला फुकटात दाखवता येत नाही ते एकच: वस्तू त्याच्या ताब्यात आहे, हे.

म्हणून पुरावे गोळा करताना प्रत्येक कागदाला हाच प्रश्न विचारावा, की ज्याच्या घरात हे सामान नाही त्याला हे दाखवता आले असते का? सोफ्याचा नुसता फोटो या कसोटीला उतरत नाही. त्याच सोफ्यावर आजची तारीख आणि जाहिरातीचा क्रमांक हाताने लिहिलेला कागद ठेवून काढलेला फोटो उतरतो. त्याहून चांगला म्हणजे न थांबता घेतलेला मिनिटभराचा व्हिडिओ: दारातून आत, दिवाणखान्यातला सोफा, त्याच्या हातावरचा ओरखडा, पुढे जेवणाचे टेबल, त्याच्या खालच्या बाजूचे बनवणाऱ्याचे लेबल, मग भिंतीला टेकवलेल्या पलंगाच्या फळ्या. दोषांचे जवळून घेतलेले फोटो विशेष उपयोगी, कारण चोरलेल्या फोटोंत वस्तू नेहमी सुंदरच असते.

फोटो पाठवण्याची एक खुबी आहे. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि परवानगी दिली असेल तर ठिकाणही नोंदलेले असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकसतो आणि ही नोंद पुसली जाते. स्क्रीनशॉटमध्ये ती नसतेच. मूळ फाइल ईमेलला जोडावी. ही नोंद बदलता येते, त्यामुळे ती एकटी पुरेशी नाही. बाकीच्या पुराव्यांशी जुळली तरच तिला किंमत आहे.

बिल असेल तर उत्तमच. सोफ्याचे बिल बाईंच्या जुन्या ईमेलमध्ये सापडले. पलंग मात्र सुताराकडून करून घेतलेला, त्याचे बिल कुठून आणणार? आपल्याकडची निम्मी घरे अशीच सजलेली असतात आणि संकेतस्थळाच्या अर्जात त्याला रकाना नसतो. इथे सुताराला केलेले यूपीआय व्यवहार कामी आले, आणि घरातले जुने फोटो. त्या पलंगावर बसलेल्या आजी आणि मांडीवर बाळ, चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीतला फोटो. चेहरे झाकून, पलंगाची कोरीव उशालपट्टी दिसेल असा तो जोडला. बदली खरी आहे हे दाखवायला सामान हलवणाऱ्या कंपनीचे दरपत्रक आणि सोसायटीला दिलेला घर सोडण्याचा अर्ज पुरला. बदलीचा आदेश देण्याची गरजच पडली नाही.

कागद देताना हात थोडा आखडताच असावा. ओळखपत्र मागितले तर शेवटचे चार अंकच दिसणारे मास्क केलेले आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळते. प्रतीवर ‘फक्त खाते पडताळणीसाठी’ असे लिहून तारीख टाकावी. बँकेच्या उताऱ्यात संबंधित ओळ सोडून बाकी झाकावे.

दुसरा ईमेल छोटा होता, आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम केली होती: जे चुकले ते आधीच सांगून टाकले.

‘माझे खाते अमुक क्रमांकावर नोंदलेले असून काल रात्री बंद झाले. पडद्यावर आलेला संदेश जोडला आहे. घर बदलत असल्याने मी एका दिवशी पाच जाहिराती दिल्या. त्यांचे क्रमांक खाली आहेत. पलंगाचा फोटो कंपनीच्या पानावरचा होता, तो चुकीचा होता. खरा फोटो जोडला आहे. एका ग्राहकाकडून घेतलेले टोकन परत केले असून व्यवहार क्रमांक देत आहे. सामान माझ्याकडे असल्याचा व्हिडिओ, बिल आणि घर सोडण्याचा अर्ज सोबत आहे. कृपया माणसाकडून फेरतपासणी व्हावी, आणि बंदी कायम ठेवणार असाल तर कोणत्या नियमानुसार ते कळवावे.’

हा ईमेल मदत विभागासोबत तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवला. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 नुसार अशा प्रत्येक कंपनीला या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा लागतो. बहुधा तो पानाच्या अगदी तळाशी सापडतो. तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि निवारण 15 दिवसांत करायचे, अशी मुदत त्या नियमांत घातली गेली. मुदत तक्रार मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पोच आलेला ईमेल पुसू नये. उत्तर पटले नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येते. या समित्या जानेवारी 2023 मध्ये नेमल्या गेल्या. तिथेही हाच पुराव्यांचा गठ्ठा लागतो, तेव्हा तो एकदाच नीट लावून ठेवावा.

अपील म्हणजे हमखास दिलासा नव्हे. कंपनी खासगी आहे आणि खाते चालू ठेवण्याची सक्ती तिच्यावर सहसा होत नाही. एखाद्या ग्राहकाने खोटी तक्रार केली असेल तर ती तुम्हाला दाखवलीही जात नाही. खात्यात आपण न टाकलेल्या जाहिराती दिसल्या तर प्रकरण वेगळे: पासवर्ड बदलून सर्व फोनांवरून लॉगआउट करावे आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ईमेलमध्ये द्यावा. मला यात एक गोष्ट मनापासून खटकते. कारण लपवले की भामट्याला नियम चुकवणे अवघड जाते, हे कंपन्यांचे म्हणणे मान्य. पण ‘फोटो दुसरीकडचा आहे’ एवढे सांगितल्याने कुठला भामटा शहाणा होणार आहे? तेवढे कळले असते तर बाईंचा पहिला ईमेल वाया गेला नसता.

त्यांचे खाते सुरू झाले, फक्त पलंगाची जाहिरात काढून टाकलेली होती. मग त्यांनी पलंग पुन्हा जोडला, खिडकीच्या उजेडात फोटो काढले, आणि दोन-दोन वस्तू दिवसाआड टाकल्या. प्रत्येकीचा मजकूर वेगळा, लांबी-रुंदी आणि ओरखड्यांसह. बोलणे ॲपमधल्या चॅटवरच ठेवले, टोकन घेतले नाही; वस्तू घरी येऊन पाहा आणि नेताना पैसे द्या, असे प्रत्येकाला सांगितले. लोखंडी कपाटाला ऑनलाइन गिऱ्हाईक मिळाले नाही. ते सोसायटीच्या फलकावरची चिठ्ठी वाचून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी घेतले.