शिकवणीचं पत्र आणि दहा गणितं

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन इमारतींमधल्या पालकांना एक पत्र लिहिलं. डोंबिवलीत आमच्या भागात बहुतेक घरांत आई-वडील दोघंही सकाळच्या लोकलने जातात आणि परत यायला साडेसात-आठ वाजतात. शाळेतून आलेलं मूल तोवर घरी एकटं असतं, नाहीतर आजी-आजोबांजवळ. मी एकतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. नोकरीत असताना शिकवणी घेतली नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना तशी मुभाच देत नाही. आता निवृत्त झाले आहे आणि संध्याकाळ मोकळी आहे.

पत्राची सुरुवात साधी होती. ‘सप्रेम नमस्कार. १७ जूनपासून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी माझ्या घरी गणिताची शिकवणी सुरू करत आहे. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते पावणेआठ. मुलं जास्तीत जास्त आठ. महिना सहाशे रुपये; ज्यांना जमणार नाही त्यांनी मला एकटीला भेटून सांगावं, मुलापुढे हा विषय काढू नये.’ इथपर्यंत कुणी काही विचारलं नाही. प्रश्न आले ते पुढच्या दोन वाक्यांवरून. ‘प्रवेशाआधी प्रत्येक मुलाला माझ्यासमोर बसून दहा गणितं सोडवावी लागतील. पहिले सहा आठवडे शाळेत चालू असलेला धडा मी घेणार नाही.’

आठवीतल्या एका मुलीची आई दुसऱ्याच दिवशी दारात उभी. ‘बाई, शाळेत परिमेय संख्या चालू होणार, ऑगस्टमध्ये घटक चाचणी आहे, आणि तुम्ही धडा घेणार नाही म्हणता?’ त्यांची काळजी खरी होती. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून आपल्याकडे पुन्हा मोजली जाते. नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि तीही सुटली नाही तर त्याच वर्गात. त्यांना दारातच जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगते, कारण शिकवणी शोधणाऱ्या कुठल्याही पालकाला ते लागू आहे.

सहावी-सातवीत गणित ‘अचानक’ कठीण झालं असं पालक म्हणतात, तेव्हा मूल बहुतेक वेळा तिसरी ते पाचवीच्या मध्ये कुठेतरी निसटलेलं असतं. तेव्हा ते दिसत नाही, कारण तिथली गणितं एकेका पायरीची असतात आणि पाठांतरावर निभावून जातात. पुढे एका गणितात चार-पाच पायऱ्या येतात. त्यातली एक जरी कच्ची असेल तर उत्तर चुकतं, आणि मुलाला वाटतं आपल्याला नवा धडाच कळला नाही. मग आपणही तोच धडा त्याला तीन वेळा समजावतो.

म्हणून ती दहा गणितं. ती अवघड नाहीत. एक मोठी वजाबाकी, एक भागाकार, एक अपूर्णांकांची बेरीज, ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कुठली, ऋण संख्यांचं एक, आणि शाब्दिक उदाहरणं तीन. उरलेली दोन पाढ्यांची. गावोगावच्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालातही गणिताची सर्वांत वरची पायरी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं हीच आहे, यावरून ही पायरी किती निर्णायक आहे ते कळावं. माझ्याकडे खोडरबर चालत नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. खोडलेली चूक कुणालाच काही सांगत नाही, रेघेखालची चूक मला सगळं सांगते.

उदाहरण देते. ५००३ मधून १६७८ वजा करा. उत्तर ३३२५. पण सातवीतल्या मुलांकडून मला कितीतरी वेळा ४६७५ असं उत्तर आलं आहे. ही निष्काळजी चूक नाही. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून एक गेला चार. ‘तीनातून आठ जात नाहीत’ हे शिकवताना दशक सुटा करण्याची पायरी त्याच्या हाती कधी लागलीच नाही, आणि मध्ये दोन शून्यं आली की ती पायरी लांबते. अशा मुलाला ‘नीट लक्ष दे’ म्हणून काही उपयोग नाही. तो पूर्ण लक्ष देऊनच ते करतो आहे.

आठवीत जाणाऱ्या एका मुलाची गोष्ट सविस्तर सांगते. त्याला ४२१८ भागिले ६ दिलं. त्याने झटकन लिहिलं, ७३. मी म्हटलं, ताळा करून बघ. त्र्याहत्तर सक्क चारशे अडतीस आले. तो गप्प झाला आणि तेच गणित पुन्हा तसंच सोडवलं. पुन्हा ७३. बेचाळिसात सहा सात वेळा, हे बरोबर होतं. मग त्याने एक खाली घेतला, एकात सहा जात नाहीत म्हणून लगेच आठही खाली घेतला, अठरात सहा तीन वेळा. मधलं शून्य त्याने लिहिलं नव्हतं. ‘जात नाही म्हणजे काही लिहायचं नसतं,’ असा त्याचा समज होता.

मी घरातल्या खेळण्यातल्या नोटा काढल्या. शंभराच्या ४२, दहाची १ आणि एक रुपयाची ८ नाणी. सहा वाट्या मांडल्या आणि म्हटलं, सारखे वाट. शंभराच्या नोटा प्रत्येकीत सात-सात पडल्या. मग हातात दहाची एकच नोट उरली. तो थांबला. ‘ही सहा जणांत कशी देणार?’ मी विचारलं, ‘मग दहाच्या किती नोटा मिळाल्या प्रत्येकाला?’ ‘एकही नाही.’ ‘ते वहीत कुठे लिहिलंस?’ त्याने नोटेकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि सात आणि तीन यांच्या मधल्या अरुंद जागेत एक बारकं शून्य घुसवलं. मग स्वतःच दहाची नोट मोडून दहा नाणी केली, आठ मिळवली आणि अठरा नाणी तीन-तीन वाटली. सातशे तीन.

पुढच्या दहा दिवसांत त्याने असे रोज पाच भागाकार केले. सुरुवात करण्याआधी अंदाज लिहायचा: बेचाळीसशेला सहाने भागलं तर सातशे, म्हणजे उत्तर सातशेच्या आसपास हवं, ७३ असूच शकत नाही. चौथ्या दिवशी नोटा बाजूला ठेवल्या. सहाव्या दिवशी मी मुद्दाम ८०२४ भागिले ४ दिलं, आणि त्याने २०६ लिहिलं. अपेक्षित होतं. आठात चार दोन वेळा झाल्यावर ओळीने दोन शून्यं येतात, आणि एका शून्यावर पक्कं झालेलं मूल दोन शून्यांवर पुन्हा घसरतं. तेव्हा ‘त्याला आता येतं’ असं मी एका बरोबर उत्तरावर कधीच म्हणत नाही. आठवडाभर मध्ये दुसरंच काही शिकवायचं आणि मग न सांगता तेच गणित द्यायचं. तेव्हा जमलं तर जमलं.

अपूर्णांकांचंही असंच. २/३ अधिक १/४ बरोबर ३/७, हे उत्तर मी दर वर्षी पाहिलं आहे. अंशात अंश मिळवले, छेदात छेद. इथे नियम पुन्हा सांगण्याआधी मी मुलांना चौकटीच्या वहीत बारा चौकटींची एक पट्टी आखायला लावते. तिचे दोन तृतीयांश म्हणजे आठ चौकटी, पाव म्हणजे तीन. दोन्ही रंगवल्या की अकरा. उत्तर ११/१२ समोर दिसतं. मग विचारायचं, ३/७ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी. आणि आपण सुरुवातीलाच घेतलेले २/३? अर्ध्यापेक्षा जास्त. मिळवल्यावर कमी कसं झालं? हा प्रश्न ज्या मुलाला स्वतःहून पडायला लागला, त्याला लसावि काढून छेद समान का करायचे ते मुद्दाम समजवावं लागत नाही. बाराच चौकटी का घेतल्या, हेच तो विचारतो.

सेमी-इंग्रजीच्या मुलांबाबत एक गोष्ट मला मनापासून टोचते. त्यांना न्यूमरेटर, डिनॉमिनेटर पाठ असतं, पण पाऊण किलो म्हणजे किती ग्रॅम ते सांगता येत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. ती सगळी परत आणा असं मी म्हणत नाही, पण घरात आजी ‘सव्वा वाटी रवा घे’ म्हणते तेव्हा त्या शब्दात अपूर्णांक आहे, हे मुलाला कळायला हवं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळणारी मुलंही मला भेटतात; बाई तोंडी गणित घालतात तेव्हा ती आकडाच चुकीचा ऐकतात. म्हणून पत्रात आजी-आजोबांसाठी एक ओळ घातली: ‘रोज संध्याकाळी मुलाकडून एक पदार्थ मोजून घ्या आणि माप मराठीत बोला.’

पत्रात मी आणखी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. पहिली, घटक चाचणीत गुण वाढणार नाहीत, कदाचित दोन-चार कमीही होतील, कारण मूल तेव्हा जुनी सवय मोडत असेल आणि वेळ जास्त घेईल. दिवाळीच्या आधीच्या सत्र परीक्षेपर्यंत थांबायची तयारी असेल तरच पाठवा. दुसरी, सहा आठवडे रोज सराव करूनही एखादं मूल अंक उलटे लिहित असेल, सात-आठपर्यंतच्या बेरजाही बोटांवरच करत असेल, तर तो माझा प्रांत नाही. ती अध्ययन अक्षमता असू शकते. तिची तपासणी मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी होते आणि तिथल्या दाखल्यावर परीक्षेत सवलती मिळतात. अशा मुलाला शिकवणी वाढवून दमवू नये.

पत्राची शेवटची ओळ होती: ‘येताना मागच्या तीन वर्षांच्या गणिताच्या वह्या आणा. रद्दीत गेल्या नसतील तर फार बरं.’ त्या ७३वाल्या मुलाचे वडील रात्री साडेआठला, ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच ठेवून, सुतळीने बांधलेला वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून पानं उलटू लागलो. पाचवीच्या वहीत, ऑगस्टच्या एका पानावर ६१२ भागिले ६ होतं. उत्तर १२. त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण आणि खाली सही. त्या महिन्यात तो कावीळ होऊन पंधरा दिवस घरी होता, हे वडिलांना ते पान बघितल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला पहिलं गणित तेच घातलं.