एका तारखेने पुसलेली विक्री

१५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने युरोचा दर १.२० फ्रँकच्या खाली न जाऊ देण्याचे धोरण अचानक सोडले. युरो काही मिनिटांत कोसळला. महिनाअखेरीस तो सुमारे १.०५ फ्रँकवर होता.

झुरिकमधील एखाद्या कंपनीने १२ जानेवारीला जर्मन ग्राहकाला १ लाख युरोचे यंत्र विकले, असे समजा. त्या दिवशीच्या दराने विक्री १ लाख २० हजार फ्रँकची. पण अहवाल बनवणाऱ्या संगणकाने बीजकाची तारीख न पाहता दरांच्या तक्त्यातला सर्वांत ताजा दर उचलला, तर आकडा १ लाख ५ हजारांवर येतो. पंधरा हजार फ्रँकची विक्री कागदावरून नाहीशी होते आणि विक्री विभागाला नाहक जाब विचारला जातो!

तोटा खोटा नाही, त्याची जागा चुकते. आंतरराष्ट्रीय लेखामानक २१ नुसार विक्री व्यवहाराच्या दिवशीच्या दराने नोंदवायची. महिन्याचा सरासरी दर चालतो, पण दर फार हलले नसतील तरच. त्या जानेवारीत तो चालला नसता. ग्राहकाकडून येणे बाकी मात्र महिनाअखेरच्या दराने मोजतात आणि फरक विनिमय तोटा म्हणून वेगळा दाखवतात.

चूक पकडायला प्रत्येक ओळीतील फ्रँकच्या रकमेला युरोच्या रकमेने भागावे. वेगवेगळ्या तारखांना तंतोतंत एकच भागाकार आला, तर सगळीकडे एकच दर लागला आहे. बंद झालेल्या महिन्याचा अहवाल पुन्हा काढल्यावर बेरीज बदलली, तरी संशय तिथेच जातो.