दीपमाळेची राखण

पावसाळा सरला की माळरानाच्या कडेला, पडक्या वाड्यांच्या आवारात आणि रस्त्यालगतच्या मोकळ्या जागांत दीपमाळ फुलते. पुरुषभर उंचीचं, चौकोनी दांड्याचं हे झाड. दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने काटेरी गोळे असतात आणि प्रत्येक गोळ्यातून नारिंगी नळीसारखी फुलं बाहेर येतात. देवळापुढच्या दीपमाळेवर पणत्या लावाव्यात तसं ते दिसतं, म्हणून हे नाव. नळीच्या तळाशी मध असतो आणि त्यासाठी आपले सूर्यपक्षी तिथे येतात. कधी कधी एखादा सूर्यपक्षी शेंड्यावर बसून राहतो आणि दुसरा जवळ आला की चिवचिवाट करत त्याच्यावर झेपावतो. पाठलाग होतो, दुसरा पळतो, पहिला परत शेंड्यावर येतो.

हे पाहताना प्रश्न पडतो तो असा: इतकी धावाधाव त्या पक्ष्याला परवडते का? ज्या मधासाठी भांडायचं, तो मध भांडणातच खर्च होत नाही का?

दीपमाळ मूळची आफ्रिकेची. या प्रश्नाचं आकड्यांनिशी मिळालेलं उत्तरही आफ्रिकेतलंच आणि त्याच झाडाच्या फुलांवरचं आहे. केनियात फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी तिथल्या एका सूर्यपक्ष्याचा जमाखर्च मांडला आणि 1975 साली तो प्रसिद्ध केला. पंखांना पिवळीधमक किनार असलेल्या या पक्ष्याला आपण सोनपंखी म्हणू. त्याची चोच चांगली वाकडी असते आणि दीपमाळेच्या वाकड्या फुलात ती नेमकी बसते.

त्याआधी, 1964 मध्ये, जेरम ब्राउन यांनी मूळ विचार मांडला होता. पक्षी हद्द का राखतो, याचं उत्तर त्याच्या भांडखोर स्वभावात शोधू नका, असं त्यांचं म्हणणं. राखणीला खर्च येतो, राखणीतून मिळकत होते. मिळकत खर्चापेक्षा जास्त असेल तिथेच राखणीची सवय टिकेल. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की तो माळ्यावर चढून गोफण फिरवतो. पीक वीतभर असताना पाखरांसाठी कोणी माळ्यावर बसत नाही, आणि कापणी झाल्यावरही नाही. ब्राउन यांचा विचार सोपा होता, पण खऱ्या पक्ष्यावर तो तपासायचा तर जमा आणि खर्च दोन्ही एकाच मापाने मोजायला हवेत. गिल आणि वुल्फ यांनी त्यासाठी कॅलरीचं माप घेतलं.

आधी खर्च पाहू. प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून सूर्यपक्ष्याच्या कोणत्या हालचालीला किती ऊर्जा लागते याचा अंदाज बांधता येतो. नुसतं फांदीवर बसून राहायला तासाला 400 कॅलरी लागतात. फुलाफुलावर जाऊन मध पिण्यात तासाला 1000 जातात. घुसखोरांचा पाठलाग करण्यात मात्र तासाला 3000 कॅलरी खर्च होतात. या कॅलरी लहान मापाच्या आहेत; आहाराच्या तक्त्यात आपण जिला कॅलरी म्हणतो, तिच्यात अशा 1000 मावतात. सोनपंखी दिवसाकाठी सरासरी 0.28 तास, म्हणजे सुमारे 17 मिनिटं, राखणीत घालवत होता. तेवढा वेळ तो स्वस्थ बसला असता तरी तासाला 400 लागलेच असते. म्हणून राखणीचा जादा खर्च तासाला 2600 धरायचा. 0.28 तासांचे झाले 728.

आता जमा. राखणीमुळे फुलं जास्त मध करत नाहीत. ती आपल्या गतीने पाझरतात. फरक इतकाच पडतो की मधल्या वेळात दुसरं कोणी तो मध पिऊन जात नाही, आणि मालक पुन्हा फुलाकडे येतो तेव्हा साठा शिल्लक असतो. मध मोजतात मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात. प्रत्येक फुलात 1 मायक्रोलिटर मध असेल तर पक्ष्याला दिवसाची गरज भागवायला 8 तास फुलं धुंडावी लागतात. 2 असेल तर 4 तास पुरतात, आणि 3 असेल तर 2.7 तास.

समजा मोकळ्या, बिनमालकीच्या फुलांत 2 मायक्रोलिटर मध आहे आणि राखलेल्या फुलांत 3. मालकाचे 4 वजा 2.7, म्हणजे 1.3 तास वाचले. या वेळात तो फुलांवर फिरण्याऐवजी बसून राहतो. तासाला 1000 ऐवजी 400 खर्च, म्हणजे बचत 600. 1.3 तासांची बचत झाली 780.

जमा 780, खर्च 728. शिल्लक 52 कॅलरी. साखरेत मोजायचं तर सुमारे 13 मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मोजकेच दाणे येतील इतकी. दिवसभराच्या राखणीचा निव्वळ नफा एवढाच. सतत अंगावर धावून जाणारा तो पक्षी पाहून कोणालाही वाटेल की राखणीत त्याचा फार मोठा फायदा असणार. प्रत्यक्षात तो अगदी काठावर जगत असतो.

हा काठ किती अरुंद आहे, ते आणखी एका हिशेबातून कळतं. 780 कॅलरींची बचत पुरी खर्चायला राखणीचे 0.30 तास, म्हणजे 18 मिनिटं पुरतात. आपला पक्षी 17 मिनिटांवर आहे. घुसखोर वाढले आणि दिवसाकाठी पाठलागाची दोन मिनिटं जास्त लागली, तर हद्द राखणं तोट्यात गेलं. हे आकडे सरासरीचे आणि अंदाजाचे आहेत, तेव्हा 52 ला अक्षरशः 52 धरू नये. पण नफा बेताचा असतो आणि थोड्या बदलाने तो तोट्यात जातो, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

आता फुलांचा बहर येऊ द्या. मोकळ्या फुलांतच 4 मायक्रोलिटर मध आहे आणि राखलेल्या फुलांत 6. वाढ आधीच्याच प्रमाणात आहे, दीडपट. पण 4 मायक्रोलिटर असताना गरज 2 तासांत भागते आणि 6 असताना 1.3 तासांत. वाचले 0.7 तास, म्हणजे 420 कॅलरी. राखणीचा खर्च मात्र 728 चा 728 राहिला. इथे राखण करणारा पक्षी रोज 308 कॅलरींचा तोटा सोसेल. पोट चटकन भरतं तेव्हा वाचवण्यासारखा वेळच फारसा उरत नाही. त्यामुळे मध सगळीकडे मुबलक असताना सूर्यपक्षी हद्द सोडून देतात. भरल्या बहरात भांडणं थंडावलेली दिसली तर कारण हे आहे.

उलट टोकालाही राखण परवडत नाही. फुलं इतकी विरळ झाली की राखूनही दिवसाची गरज भागणार नाही, तर पहारा देऊन काय राखायचं? पक्षी ती जागा सोडतो आणि दुसरीकडे फुलं शोधतो. म्हणजे राखण परवडते ती मधल्या पट्ट्यात: राखल्याने पोट भरेल इतकी फुलं हवीत, पण राखल्याशिवायही भरेल इतकी नकोत.

हद्दीच्या आकारातही हाच हिशेब दिसला. सोनपंखींच्या हद्दी क्षेत्रफळाने फारच वेगवेगळ्या होत्या. काही अगदी चिमुकल्या, काही त्यांच्या कित्येक पटींनी मोठ्या. पण त्यांतली फुलं मोजली तर आकडा बहुतेक ठिकाणी 1600 च्या आसपास येत होता. दाट फुलांत लहान हद्द पुरते, विरळ फुलांत मोठी लागते. पक्षी जमीन राखत नव्हता, एका दिवसाचं पोट राखत होता.

आता एक पायरी पुढे जाऊ. घुसखोराला हाकलणं किंवा हद्द सोडणं, एवढे दोनच मार्ग मालकापुढे असतात का? इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीकाठी निक डेव्हिस आणि अलास्डेअर ह्यूस्टन यांनी धोबी पक्ष्यांवर केलेल्या, 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसरा मार्ग दिसला. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या नद्यांवर आणि तळ्यांवर जो पांढरा धोबी येतो, त्याच्याच जातीची ही तिकडची उपजात.

नदी किडे वाहून आणते आणि काठावर टाकते. धोबी ते वेचत काठाने जातो, मग दुसऱ्या काठाने परततो. पूर्ण फेरीला सुमारे 40 मिनिटं लागतात. वेचलेल्या जागी तेवढ्या वेळात नवे किडे येऊन पडलेले असतात. या फेरीमुळे हद्दीला अर्थ येतो. मध्येच दुसरा धोबी येऊन वेचून गेला, तर मालकाच्या वाट्याला नुकतीच झाडलेली जागा येते.

तरीही काही दिवशी मालक एका पाहुण्याला राहू देतो. मग दोघे अर्ध्या फेरीचं अंतर ठेवून चालतात, आणि प्रत्येकाला 40 ऐवजी 20 मिनिटांत जमलेलेच किडे मिळतात. मालकाची वेचणी घटते. त्या बदल्यात पाहुणा घुसखोरांना हाकलायला मदत करतो. किडे भरपूर असतात त्या दिवशी घुसखोरही जास्त येतात. अशा वेळी अर्धी राखण कोणी उचलली तर वाटा देऊनही मालक नफ्यात राहतो. किडे कमी असले की हाच मालक त्याच पाहुण्याला हाकलून लावतो. अर्धेलीने जमीन कसायला देणारा माणूसही पीकपाणी पाहूनच करार करतो.

धोब्याने आणखी एक गोष्ट दाखवली. काठावर किडे कमी आणि कुरणातल्या डबक्यांवर थव्यात जास्त मिळतात, अशा दिवशी मालक तिकडे खायला जातो, पण मधून मधून आपल्या काठावर परतून घुसखोरांना हाकलतो. त्या एका दिवसाचा हिशेब मांडला तर हा तोटा वाटेल. पण डबकी आटतात आणि नदी मात्र संपूर्ण हिवाळा थोडं थोडं देत राहते. तेव्हा जमाखर्च दिवसाचा मांडायचा की हंगामाचा, यावर उत्तर बदलतं. सोनपंखीच्या हिशेबाची मर्यादाही हीच. त्यात फक्त एका दिवसाच्या ऊर्जेचा विचार आहे. विणीच्या काळात नर गाऊन आणि भांडून हद्द राखतो तेव्हा मादी, घरटं, पिल्लं या साऱ्यांचा लाभ त्यात येतो, आणि तो कॅलरीत मोजता येत नाही.

यंदा दीपमाळ फुलेल तेव्हा घड्याळ घेऊन तासभर तिच्यासमोर बसा. पक्षी किती मिनिटं पितो, किती मिनिटं बसतो आणि किती मिनिटं पाठलाग करतो, याचे तीन रकाने करा. आठवड्याने पुन्हा जा, तेव्हा फुलंही मोजा. फुलं झडली आणि राखणदारही निघून गेला, तर तो पोटासाठी पहारा देत होता. फुलं संपूनही तो त्याच फांदीवर गात राहिला, तर त्याचा हिशेब दुसरा आहे. आसपास कुठे घरटं दिसतं का, ते पाहा.