जुन्या राउटरला केबल जोडा

हॉलमध्ये फायबरचा राउटर आहे, त्याच्यासमोर बसले की मोबाइलवर १०० एमबीपीएसचा प्लॅन जवळपास पूर्ण मिळतो, आणि दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीत गेले की व्हिडिओ कॉल अडखळू लागतो. अशा वेळी संशय इंटरनेट देणाऱ्या कंपनीवर जातो आणि उपाय म्हणून मोठा प्लॅन घेतला जातो. पण हॉलमध्ये वेग मिळतो आहे याचाच अर्थ इंटरनेट घरात व्यवस्थित पोचले आहे. ते हरवते हॉलपासून खोलीपर्यंतच्या शेवटच्या दहा-बारा मीटरमध्ये, हवेतून जाताना. तेव्हा हे अंतर केबलने पार करावे आणि हवेसाठी खोलीतले शेवटचे दोन-तीन मीटरच ठेवावेत, हे माझे म्हणणे आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. कनेक्शन बदलल्यावर कपाटात पडून राहिलेला जुना राउटर पुरतो.

हवेतल्या प्रवासात नेमके काय होते ते आधी पाहू. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतींत लवकर मुरतो, म्हणून मागच्या खोलीतला मोबाइल बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर येतो. तिथे ८०२.११एन पद्धतीने बोलणारा साधा मोबाइल जवळून सुमारे ७२ एमबीपीएसच्या दराने माहितीची देवाणघेवाण करतो. वाटेत विटांची भिंत, सळ्या भरलेला काँक्रीटचा खांब किंवा स्टीलचे कपाट आले आणि सिग्नल क्षीण झाला, की चुका टाळण्यासाठी दोन्ही बाजू दर उतरवत नेतात, आणि तो ६.५ एमबीपीएसपर्यंतही खाली येतो. म्हणजे तेवढाच मजकूर पाठवायला अकरा पट वेळ. आणि एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असा वाय-फायचा नियम असल्यामुळे हा वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो. मागच्या खोलीतला एक मोबाइल हळूहळू बोलत राहतो आणि त्याच चॅनलवरचा हॉलमधला टीव्ही ताटकळतो. म्हणून दूरच्या खोलीची सोय केली की हॉलमधले वाय-फायही सुधारते, हा फायदा सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मग हॉलमध्येच मोठ्या अँटेनांचा, जोरदार राउटर का बसवू नये? कारण संभाषण दोन्ही बाजूंनी चालते. नदीच्या एका काठावरून भोंग्याने हाक मारली, तरी पलीकडच्या माणसाचे उत्तर त्याच्या स्वतःच्या गळ्यानेच यायचे. मोबाइलची छोटी अँटेना आणि बॅटरी जपणारा ट्रान्समीटर राउटरइतक्या ताकदीने बोलू शकत नाहीत. म्हणून स्क्रीनवर सिग्नलच्या रेघा भरपूर दिसतात आणि तरीही काम होत नाही. दुसरा आक्षेप रिपीटरचा. प्लगमध्ये खोचला की झाले, केबल कशाला? पण साधा रिपीटर जो मजकूर ऐकतो तोच त्याच चॅनलवर पुन्हा उच्चारतो. ऐकताना बोलू शकत नाही आणि बोलताना ऐकू शकत नाही. त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो मागच्या खोलीतच लावतात, जिथे त्यालाच नीट ऐकू येत नाही. हॉलचा सिग्नल जिथे अजून चांगला आहे अशा मधल्या जागी तो लावावा लागतो, आणि तशी जागा आणि तिथे प्लग असतोच असे नाही. केबलच्या बाबतीत यातले काहीच आड येत नाही. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे. घरातले अंतर तिच्या दृष्टीने नगण्य.

जुना राउटर का पुरतो, याचे उत्तर त्या डब्याच्या पोटात आहे. ज्याला आपण राउटर म्हणतो त्यात चार यंत्रे एकत्र असतात. पहिले घराचे जाळे बाहेरच्या इंटरनेटशी जोडते. खरा राउटर तेवढाच. दुसरे घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता वाटते. हा डीएचसीपी सर्व्हर. तिसरे म्हणजे मागची तीन-चार लॅन पोर्ट एकमेकांना जोडणारा स्विच, आणि चौथा वाय-फायचा रेडिओ. पहिली दोन कामे हॉलमधला राउटर करतोच आहे आणि ती घरात एकानेच करायची असतात. म्हणून जुन्या राउटरची ती दोन कामे बंद करायची आणि स्विच व रेडिओ चालू ठेवायचे. एवढे केले की तो ॲक्सेस पॉइंट झाला. काही मॉडेलमध्ये Access Point Mode असा पर्यायच असतो. तो निवडला की ही जुळणी राउटर स्वतः करतो. नसेल तर हाताने करावी लागते, आणि इथे क्रमाला महत्त्व आहे.

हॉलच्या राउटरचा पत्ता 192.168.1.1 आहे असे धरू. जुना राउटर अजून त्याला जोडायचा नाही. आधी त्याचे रीसेट बटण दहाएक सेकंद दाबून जुनी जुळणी पुसावी. मग लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून केबलने तो जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडावा. वाय-फाय चालू राहिले तर 192.168.1.1 टाकल्यावर भलत्याच, म्हणजे हॉलच्या राउटरचे पान उघडू शकते, कारण बहुतेक राउटरांचा मूळ पत्ता हाच किंवा 192.168.0.1 असतो. हा पत्ता आणि लॉगिन राउटरच्या तळाशी छापलेले असते. लॉगिन केल्यावर आधी वाय-फायचे नाव आणि पासवर्ड भरावा, मग लॅनचा पत्ता बदलावा. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करून सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करावे. ते आधी बंद केले तर पत्ता बदलल्यानंतर लॅपटॉपला पत्ता देणारे कोणी उरत नाही आणि पुन्हा आत शिरताना अडचण होते. शेवटी जुळणी अशी दिसावी:

```
LAN IP Address: 192.168.1.2
Subnet Mask:    255.255.255.0
DHCP Server:    Disable
```

यात एक खाचखळगा आहे. हॉलचा राउटर पत्ते वाटताना .2 पासूनच सुरुवात करत असेल, तर हाच पत्ता तो एखाद्या मोबाइललाही देऊन बसेल. म्हणून त्याच्या डीएचसीपीच्या पानावर वाटपाची सुरुवात .10 पासून करून घ्यावी.

आता केबल. हॉलच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टमध्येच जाते. WAN लिहिलेले, बहुधा वेगळ्या रंगाचे पोर्ट रिकामे ठेवायचे. सर्वाधिक चुका इथे होतात, कारण आयुष्यभर त्या राउटरला इंटरनेट WAN मधूनच मिळालेले असते. WAN वापरले की तो पुन्हा राउटरसारखा वागू लागतो आणि मागची खोली हे वेगळे जाळे बनवतो. दोन्ही जाळ्यांचे पत्ते एकमेकांत गुंतले नाहीत तर तिथे इंटरनेट चालेलही, पण त्या खोलीतल्या मोबाइलवरून हॉलमधल्या टीव्हीवर चित्र पाठवता येणार नाही. दोन्ही डब्यांमध्ये केबलही एकच असावी. दुसरी जोडली तर चक्र तयार होते आणि एकच संदेश त्यात फिरत राहून सगळे जाळे ठप्प होते. केबल कॅट ५ई प्रकारची, शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण वळवताना तुटते. विजेच्या वायरच्या पाइपातून कोणतीही केबल ओढू नये.

वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार हॉलसारखाच ठेवावा, चॅनल मात्र वेगळा निवडावा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. हॉलमध्ये १ असेल तर इथे ६ किंवा ११. काहींची तक्रार असते की नाव सारखे ठेवूनही मोबाइल हॉलच्या राउटरलाच चिकटून राहतो. तक्रार खरी आहे. कधी बदलायचे हा निर्णय मोबाइलचा असतो, राउटरचा नव्हे. हॉलच्या राउटरची २.४ गिगाहर्ट्झवरची ताकद एक पायरी कमी केली की बहुतेक वेळा हा चिकटपणा सुटतो.

बिघाड ओळखण्यासाठी विंडोज लॅपटॉपवर `ipconfig` ही आज्ञा पुरते. Default Gateway समोर 192.168.1.1 दिसले तर सगळे ठीक. तिथे 192.168.1.2 दिसले तर जुन्या राउटरचे डीएचसीपी चालूच आहे. तो स्वतःलाच बाहेरचा दरवाजा म्हणून सांगत असतो आणि पलीकडे वाट नसते. हा दोष फसवा आहे, कारण काही उपकरणांना हॉलच्या राउटरकडून पत्ता मिळतो, ती चालतात, आणि बाकीची अडतात. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर पत्ता कोणीच दिलेला नाही. केबल किंवा तिची टोके तपासावीत. सगळे जुळूनही वेग कमी वाटला, तर लॅपटॉप केबलने जुन्या राउटरच्या दुसऱ्या लॅन पोर्टला जोडून मोजावा. तिथे वेग चांगला असेल तर दोष रेडिओचा किंवा चॅनलचा आहे, केबलचा नाही.

जुना राउटर मंद नाही का? आहे. त्याची पोर्ट १०० एमबीपीएसची असतील तर केबलने ९४-९५च्या वर काही मिळणार नाही, आणि दोन अँटेनांच्या २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवरून प्रत्यक्षात साठ-सत्तर मिळाले तरी ते चांगलेच. एचडी चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी, तेव्हा एका खोलीसाठी हे भरपूर झाले. सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण अशा राउटरला कंपनीची अपडेट मिळणे केव्हाच थांबलेले असते. तो आता थेट इंटरनेटला तोंड देत नाही, हॉलच्या राउटरच्या आड आहे, त्यामुळे धोका पुष्कळ उतरतो. पण संपत नाही. ॲडमिन पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस बंद करावे आणि सुरक्षा WPA2-PSK, AES अशीच ठेवावी. २००६ पासून वाय-फाय प्रमाणपत्रासाठी डब्ल्यूपीए२ बंधनकारक झाले. ज्या राउटरमध्ये तेही नाही, फक्त डब्ल्यूईपी आहे, तो वापरूच नये. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा.

भाड्याच्या घरात केबल ओढणे शक्य नसेल, तर मेश किंवा नीट जागी ठेवलेला रिपीटर हाच मार्ग उरतो आणि त्यात काही गैर नाही. अंगणापलीकडच्या स्वतंत्र इमारतीत मात्र तांब्याची केबल नेऊ नये. जवळपास वीज पडली तर तिचा झटका केबलवाटे दोन्हीकडची उपकरणे जाळू शकतो. तिथे फायबरच टाकावी. ॲडॉप्टरही तपासून घ्यावा, कारण कित्येक जुने राउटर ९ व्होल्टचे असतात, फायबरचे बरेच १२ व्होल्टचे, आणि पिन दोघांची सारखी. वीज मात्र फारशी लागत नाही: ५ वॉटचा राउटर दिवसरात्र चालला तरी महिन्याला चार युनिटही होत नाहीत.

काम झाले की राउटरवर कागद चिकटवून नवा पत्ता लिहून ठेवा, आणि त्याखाली ‘रीसेट करू नये’ एवढे शब्द. ते बटण कोणी दाबले तर जुना पत्ता आणि डीएचसीपी दोन्ही परत येतात, आणि साऱ्या घराचे इंटरनेट अडखळू लागते.