गाळलेले दिवस भरताना

दूध संघाच्या मुख्य कार्यालयातला रोजचा संकलन अहवाल गावोगावच्या केंद्रांवरून येणाऱ्या नोंदींवर चालतो. समजा, संघाची 40 केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राची सकाळची एक आणि संध्याकाळची एक, अशा रोज 80 नोंदी सर्व्हरवर जमा होतात. 12 जुलैच्या संध्याकाळी 25 केंद्रांच्या नोंदी पोहोचल्यावर हा ओघ थांबला आणि 15 तारखेच्या सकाळी पुन्हा सुरू झाला. केंद्रांवर दूध रोज येतच होते, यंत्रांत नोंदीही होत होत्या. फक्त त्या कार्यालयात पोहोचल्या नाहीत.

अशा वेळी सर्वांत आधी रिकामी जागा रिकामीच दिसते ना, ते पाहावे. बऱ्याच अहवालांत नोंद नसली की शून्य छापले जाते आणि 13 तारखेला एक थेंबही दूध आले नाही असा अर्थ निघतो. नक्की काय गाळले आहे ते मोजून काढावे. इथे 12 तारखेच्या संध्याकाळच्या 15 नोंदी, आणि 13 व 14 तारखेच्या प्रत्येकी 80, म्हणजे एकूण 175 नोंदी नाहीत.

केंद्रांवरून आलेल्या जुन्या नोंदी थेट मुख्य टेबलात ओतू नयेत. त्या आधी वेगळ्या तात्पुरत्या टेबलात घ्याव्यात. त्याच वेळी, भरणी करण्यापूर्वी, महिन्यातल्या प्रत्येक दिवसाचे एकूण लिटर लिहून बाजूला ठेवावेत. मग तारीख, केंद्र आणि सत्र ही तिन्ही मिळून नोंदीची ओळख धरून फक्त नसलेल्या नोंदी भराव्यात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही आज्ञा अशी असते:

```sql
INSERT INTO sankalan (dinank, kendra, satra, litre, fat)
SELECT dinank, kendra, satra, litre, fat
FROM tatpurte
WHERE dinank BETWEEN '2025-07-12' AND '2025-07-14'
ON CONFLICT (dinank, kendra, satra) DO NOTHING;
```

शेवटची ओळ सांगते की नोंद आधीच असेल तर तिला हात लावू नको. त्यासाठी टेबलावर या तीन स्तंभांचे अनन्य बंधन आधीपासून असावे लागते, नाहीतर आज्ञाच चालत नाही. ते असेल तर ही आज्ञा चुकून दोनदा चालवली तरी दूध दुप्पट होत नाही.

पण आधीची नोंदच अर्धवट असेल तर? एका केंद्राचे 12 तारखेच्या संध्याकाळचे 240 लिटर पोहोचले आणि तेवढ्यात संपर्क तुटला. केंद्रावरच्या यंत्रात मात्र 385 लिटर आहेत. नोंद अस्तित्वात असल्यामुळे वरची आज्ञा तिला वगळून पुढे जाते आणि 145 लिटर हरवलेलेच राहतात. म्हणून दोन्ही टेबलांत असलेल्या पण न जुळणाऱ्या नोंदींची यादी काढावी आणि माणसाने ती पाहावी. माझ्या मते जुना आकडा गुपचूप पुसणे चूकच आहे. 145 लिटरची दुरुस्ती स्वतंत्र टेबलात, तारीख आणि कारणासह नोंदवावी आणि अहवालाने ती बेरजेत धरावी. म्हणजे कोणी आधीचा छापील अहवाल घेऊन आला तर फरक कुठून आला ते दाखवता येते.

घड्याळाची चूक याहून जास्त लपते. केंद्राचे यंत्र वेळ यूटीसीत पाठवत असेल, तर ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पहाटे सव्वापाचला मोजलेले दूध त्यामुळे आदल्या दिवसाच्या तारखेवर पडते. प्रत्येक दिवस आपले पहाटेचे दूध मागे ढकलतो आणि पुढच्या दिवसाचे घेतो, त्यामुळे रोजची बेरीज जवळपास खरी वाटते. भरलेल्या नोंदीही बरोबर 175 निघू शकतात. ही चूक पकडायची तर त्या दिवसांच्या टँकरच्या पावत्या काढून केंद्रवार लिटर जुळवावे लागतात.

भरणी झाली की आधी लिहून ठेवलेल्या बेरजा पुन्हा काढाव्यात. 12, 13 आणि 14 सोडून कोणताही दिवस हलला असेल तर काम थांबवावे. महिन्याची चढती बेरीज मात्र 15 तारखेपासून पुढे बदलणारच, आणि ती बदललीच पाहिजे. तिच्याशेजारी तळटीप द्यावी. फॅटची सरासरी दिवसांच्या सरासरींवरून काढू नये. 300 लिटर 3.5 फॅटचे आणि 100 लिटर 4.5 चे असेल तर सरासरी 4.0 नव्हे, 3.75 येते.

हे सगळे केंद्रावरच्या यंत्रात जुन्या नोंदी शिल्लक असतील तरच शक्य आहे. त्या किती दिवस राहतात हे यंत्र पुरवणाऱ्याला आजच विचारून ठेवा. नोंदी पुसल्या गेल्या असतील आणि कागदी पावत्याही नसतील, तर त्या दिवसांत आजूबाजूची सरासरी भरू नका. जागा रिकामी ठेवून तसे लिहा.