‘मोजकेच नग शिल्लक’ म्हणजे नेमके किती?

सणासुदीच्या तोंडावर हातमागाच्या छोट्या दुकानाचं पत्रक घरी येतं. ‘नवा माल आला आहे. इलकल, महेश्वरी, सुती साड्या. १० दिवस २० टक्के सूट. मोजकेच नग.’ शेवटचे दोन शब्द गिऱ्हाइकाला घाई करायला लावण्यासाठीच आहेत, असं अनेकांना वाटतं. हातमागाच्या बाबतीत मात्र ते बहुधा खरे असतात.

कारण मागावरच दडलेलं आहे. विणायला बसण्याआधी विणकर उभ्या धाग्यांचा ताणा तयार करतो. ताणा जेवढा लांब, तेवढ्याच साड्या त्यावर निघतात. समजा, चार साड्यांचा ताणा लावला, तर त्या रंगाच्या चारच साड्या होतात. पाचवी हवी असेल, तर पुन्हा सूत रंगवायचं, पुन्हा ताणा लावायचा. दुसऱ्या खेपेला रंगाची छटा थोडी तरी बदलतेच. इलकलचं काम याहूनही किचकट आहे. तिथे पदराचा लाल ताणा आणि अंगाचा ताणा वेगवेगळे असतात आणि ते फासे घालून एकमेकांना जोडतात. या पद्धतीला ‘टोपे-तेनी’ म्हणतात.

आता सूट. समजा, साडीची किंमत ३,००० रुपये आहे आणि दुकानदाराने ती विणकराकडून २,२०० रुपयांना घेतली आहे. २० टक्के सूट दिली, की साडी २,४०० रुपयांना जाते. दुकानदाराच्या हाती २०० रुपये उरतात आणि त्यातूनच भाडं, वीज भागवायची. त्यामुळेच अशी सूट १० दिवसांपुरती असते. नव्याकोऱ्या मालावर सरसकट ५० टक्के सूट असेल, तर तीच साडी १,५०० रुपयांना, म्हणजे खरेदीच्याही खाली विकली जाते. अशा वेळी तीन शक्यता उरतात: किंमत आधीच फुगवलेली आहे, विणकराला कमी पैसे मिळाले आहेत किंवा कापड यंत्रमागाचं आहे.

जुन्या खेपेतली उरलेली किंवा विणीत दोष राहिलेली साडी निम्म्या किमतीत मिळणं मात्र रास्त आहे. चांगला दुकानदार तो दोष स्वतःहून दाखवतो.

पारख कशी करायची? पैठणी असेल तर पदर उलटून पाहावा. हातानं विणलेली नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते, यंत्रावरच्या नक्षीमागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. साध्या सुती साडीत नुसत्या नजरेनं फरक ओळखणं कठीण. तिथे केंद्र सरकारने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘हँडलूम मार्क’चं लेबल उपयोगी पडतं.

पत्रक पाहून दुकानात गेलात, तर दोन प्रश्न जरूर विचारा: ही साडी कुठल्या गावी विणली, आणि या ताण्यावर आणखी किती निघाल्या? ज्याचा विणकराशी थेट व्यवहार आहे, त्याला दोन्ही उत्तरं माहीत असतात.